रोबोटला जागेवर फिरवून पाहा

गोदामात फिरणारा रोबोट आपण कुठे आहोत याचा हिशेब आधी चाकांवरून करतो. दोन्ही चाकांना एन्कोडर असतात. कोणतं चाक किती फिरलं ते एन्कोडर मोजतात, दोन्हींच्या सरासरीतून अंतर निघतं आणि दोन्हींतल्या फरकातून वळण. याला ओडोमेट्री म्हणतात. हा हिशेब दर क्षणी सहज आणि गुळगुळीत मिळतो, पण त्यातली चूक साठत जाते. तीही सारख्या गतीने साठत नाही, हे आकडे मांडले की लक्षात येतं.

समजा, एका चाकाचा व्यास 200 मिलिमीटर आहे आणि दुसऱ्याचा 200.2. हा फरक टेपने मोजताच येत नाही. चाकांवरच्या पॉलियुरेथेनची थोडी झीज झाली किंवा माल एका बाजूला जास्त लादला गेला, तरी एवढा फरक पडतो. त्यामुळे दर मीटरला एक चाक दुसऱ्यापेक्षा एक मिलिमीटर जास्त चालतं. दोन चाकांमधलं अंतर 500 मिलिमीटर असेल, तर 20 मीटर गेल्यावर रोबोटचं तोंड साधारण 2.3 अंशांनी वळलेलं असतं आणि तो ओळीपासून 40 सेंटिमीटर बाजूला सरकलेला असतो. तेच 40 मीटर गेला तर सरकणं 1.6 मीटर होतं. अंतर दुप्पट झालं की चूक चौपट होते. मिशिगन विद्यापीठातल्या योहान बोरेनस्टाइन आणि लिक्यांग फेंग यांनी 1990च्या दशकाच्या मध्याला यावर एक पद्धत बसवून दिली. रोबोटला चौकोनी वाटेवर काही वेळा घड्याळाच्या दिशेने आणि तितक्याच वेळा उलट फिरवायचं आणि शेवटी तो सुरुवातीच्या जागेपासून किती हुकला ते पाहून व्यासातला व चाकांमधल्या अंतरातला दोष वेगळा काढायचा. ही चाचणी आजही करावी. पण झीज, लादलेला माल आणि जमिनीवरचे सांधे रोज बदलतात, म्हणून अधूनमधून बाहेरून कुणीतरी जागा सांगावीच लागते.

ती जागा सांगणारी खूण जमिनीवरही लावता येते. किव्हा सिस्टिम्सचे रोबोट जमिनीवरच्या खुणा वाचत चालायचे; ही कंपनी 2012 मध्ये अॅमेझॉनने घेतली. पण तिथे रोबोटांच्या आवारात माणसांची वर्दळ नसते. आपल्याकडच्या बहुतेक गोदामांत त्याच वाटेवरून फोर्कलिफ्ट जाते, पॅलेट घासले जातात, ओला पोछा फिरतो. जमिनीवरचा स्टिकर तिथे टिकत नाही. छताला मात्र कुणी हात लावत नाही, रॅकमधला माल कितीही बदलला तरी छत बदलत नाही, आणि माणसं मध्ये उभी राहिली तरी वर पाहणाऱ्या कॅमेऱ्याची नजर अडत नाही. अमेरिकेत 1998 मध्ये स्मिथसोनियनच्या संग्रहालयात पाहुण्यांना फिरवणारा मिनर्व्हा हा रोबोट गर्दीतून वाट काढताना याच कारणासाठी छताच्या चित्राचा आधार घेत होता.

चाकणजवळच्या सुट्या भागांच्या एका गोदामात आम्ही छताला खुणा लावण्याचं काम केलं. पत्र्याच्या शेडचं मूळ छप्पर फार उंच होतं, पण रोबोटची बहुतेक वाट मेझनाइनच्या खालून जात होती. रोबोटवरच्या कॅमेऱ्यापासून मेझनाइनचा तळ 4 मीटर वर. तिथे दर 5 मीटरला 200 मिलिमीटरचा एप्रिलटॅग लावला, `tag36h11` या कुळातला. कॅमेऱ्याची फोकल लांबी 900 पिक्सेल, म्हणजे 4 मीटरवरचा टॅग चित्रात 45 पिक्सेल रुंद दिसतो. या कुळातल्या टॅगमध्ये काळी चौकट धरून आडवी आठ घरं असतात, म्हणून एका घराच्या वाट्याला साडेपाच पिक्सेल येतात. तेवढ्यात ओळख पक्की होते. हाच टॅग 8 मीटर उंचीवर लावला असता तर एका घराला तीन पिक्सेलसुद्धा मिळाले नसते. त्यामुळे मेझनाइनबाहेरच्या उंच भागात टॅगचं मापच दुप्पट करावं लागलं.

टॅग लावले, रोबोट धावू लागले आणि चाकांची साठत जाणारी चूक खरोखर थांबली. त्यानंतर एक नवीनच तक्रार आली. कन्व्हेयरपाशी रोबोटने ठरलेल्या जागेपासून 3 सेंटिमीटरच्या आत थांबायला हवं होतं. शिफ्टचे सुपरवायझर म्हणाले, "साहेब, हा पूर्वेकडून आला की एका जागी थांबतो आणि पश्चिमेकडून आला की दुसऱ्या जागी. पण दोन्ही वेळा जागा चुकवत नाही, तीच धरतो." त्यांनी जमिनीवर खडूने दोन रेघा मारून ठेवल्या होत्या. दोन्ही रेघांमध्ये 14 सेंटिमीटरचं अंतर होतं.

त्यांच्या या वाक्यात निम्मं उत्तर होतं. चाकांची चूक अशी वागत नाही. ती आधीच्या प्रवासावर अवलंबून असते, म्हणून दर फेरीला वेगळी येते. इथे तर कन्व्हेयरच्या अगदी डोक्यावर टॅग होता आणि चूक दर वेळी तेवढीच होती, फक्त येण्याच्या दिशेप्रमाणे उलटत होती. जी चूक रोबोटचं तोंड फिरवलं की फिरते, ती रोबोटच्या अंगात असते. ती शोधायला रोबोटला चालवायचं नाही, एका टॅगखाली उभं करून जागेवरच फिरवायचं.

आम्ही तसंच केलं. दोन्ही चाकांच्या मधोमध खाली ओळंबा सोडून जमिनीवर एक टिंब काढलं. मग रोबोट 45 अंशांनी वळवायचा, पूर्ण थांबू द्यायचा, ओळंबा टिंबावर आहे ना ते पाहायचं आणि टॅगवरून काढलेली जागा लिहून घ्यायची. खरी जागा बदलत नसल्यामुळे आठही नोंदी एकाच बिंदूवर पडायला हव्यात. त्या पडल्या वर्तुळावर. पूर्वेकडे तोंड असताना रोबोट म्हणत होता, मी 12.07 मीटरवर आहे. पश्चिमेकडे तोंड असताना तोच म्हणत होता, 11.93 मीटरवर. समोरासमोरच्या दोन नोंदींतला निम्मा फरक म्हणजे वर्तुळाची त्रिज्या, 7 सेंटिमीटर. 4 मीटर उंचीला 7 सेंटिमीटर म्हणजे बरोबर एक अंशाचा कल. कॅमेऱ्याची नजर म्हणजे 4 मीटर लांबीची काठी असते. बुडाशी ती डोळ्यांना कळणारही नाही इतकी कलली तरी टोक 7 सेंटिमीटर सरकतं. ब्रॅकेट उघडून पाहिल्यावर पुढच्या स्क्रूखाली 2 मिलिमीटरचा एक जादा वॉशर निघाला. ब्रॅकेटच्या दोन स्क्रूंमध्ये साधारण 115 मिलिमीटर अंतर होतं, त्यामुळे हिशेब जुळला.

वर्तुळ हाती आलं की त्याचे दोन भाग वेगळे वाचायचे. त्रिज्या रोबोटचा दोष सांगते आणि केंद्र जागेचा. त्रिज्येत तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: कॅमेऱ्याचा कल, लेन्सचा मध्यबिंदू चित्रात जिथे धरला आहे त्यातली चूक, आणि चाकांच्या मध्यापासून कॅमेरा किती पुढे किंवा बाजूला आहे या मापातली चूक. 900 पिक्सेलच्या फोकल लांबीला मध्यबिंदू 16 पिक्सेल चुकला तर तोही एक अंशाच्या कलासारखाच दिसतो. छताची उंची सगळीकडे एकच असेल तर ही तीन कारणं वेगळी काढण्याची गरज नाही. त्रिज्येएवढी एकच दुरुस्ती रोबोटच्या चौकटीत घातली की काम होतं. पण उंची बदलत असेल तर ती दुरुस्ती फसते. कलाची चूक उंचीबरोबर वाढते आणि कॅमेऱ्याच्या जागेच्या मापातली चूक तशीच राहते. आमच्याकडे मेझनाइनखाली बरोबर थांबणारा रोबोट बाहेरच्या उंच भागात पुन्हा हुकला असता, म्हणून दोन्ही उंचींवर फिरवून दोन त्रिज्या घेतल्या आणि कल वेगळा काढला.

आता केंद्र. जमीन त्या ठिकाणी उताराची असेल तर रोबोट कसाही वळला तरी तो त्याच बाजूला झुकलेला राहतो. त्यामुळे वर्तुळ मोठं होत नाही, अख्खं एका बाजूला सरकतं. मीटरमागे 5 मिलिमीटर उतार 4 मीटर उंचीला 2 सेंटिमीटर सरकवतो. टॅगची नकाशातली जागा चुकलेली असली तरीही केंद्रच सरकतं. म्हणून केंद्र सरकलेलं दिसलं की आधी जमिनीवर लांब लेव्हल ठेवून पाहावी आणि मगच टॅगचे आकडे बदलावेत. डॉकजवळच्या उतारावर तर टॅगवरून दुरुस्ती घेणंच बंद ठेवावं, तेवढा तुकडा चाकांच्या भरवशावर सोडावा.

कल मोजून झाला तरी तो वापरायचा कसा, यात एक खोच आहे. टॅगच्या चार कोपऱ्यांवरून `solvePnP` सारखं फंक्शन टॅगची जागा आणि त्याचे तिन्ही कोन देतं. सगळं मिळालंच आहे म्हणून बहुतेक जण ते पूर्ण उलटं करून रोबोटची जागा काढतात. अडचण अशी की छताचा टॅग कॅमेऱ्याला जवळजवळ समोरासमोर दिसतो, आणि समोरून पाहिलेला चौकोन किंचित इकडे कललाय की तिकडे, हे 45 पिक्सेलमध्ये नीट कळत नाही. दोन उत्तरं सारखीच पटण्याजोगी निघतात आणि हिशेब एका चित्रात हे धरतो, पुढच्यात ते. कोनातली दोन अंशांची उडी उलट्या हिशेबात 4 मीटरने गुणली जाते आणि उभा असलेला रोबोट 14 सेंटिमीटर उड्या मारताना दिसतो. हे ओळखायची खूण म्हणजे रोबोट निश्चल असताना जागा दोन ठिपक्यांमध्ये नाचणं. कलाची चूक अशी नाचत नाही.

यावर उपाय सोपा आहे. टॅगकडून कलाचे दोन कोन घ्यायचेच नाहीत. ते आपण जागेवर फिरवून मोजलेलेच आहेत. टॅगकडून फक्त त्याची जागा आणि आडव्या प्रतलातली दिशा घ्यायची:

```python
p = R_cam @ t + c
x = mx - (cos(yaw)*p[0] - sin(yaw)*p[1])
y = my - (sin(yaw)*p[0] + cos(yaw)*p[1])
```

इथे `t` म्हणजे कॅमेऱ्याला दिसलेली टॅगची जागा, `R_cam` म्हणजे मोजलेल्या कलासह कॅमेऱ्याची बसवणूक, `c` म्हणजे चाकांच्या मध्यापासून कॅमेऱ्याची जागा, आणि `mx`, `my` टॅगची नकाशातली जागा. एवढा बदल केल्यावर नाचणं थांबतं.

`yaw`, म्हणजे रोबोटचं तोंड कुठे आहे हा कोन, टॅगच्या चिकटवणुकीवर अवलंबून असतो आणि इथे छतावर चढणाऱ्या माणसाच्या हाताचा प्रश्न येतो. शिडीवर उभं राहून 200 मिलिमीटरची प्लेट लावताना एक कोपरा 3 मिलिमीटर पुढेमागे झाला तर टॅग जवळजवळ एक अंश फिरतो. त्यावर विसंबून रोबोट पुढचे 10 मीटर गेला तर 15 सेंटिमीटर बाजूला जातो. फॅब्रिकेटरला प्लेट अगदी सरळ लावायला सांगणं हा यावरचा इलाज नव्हे. प्लेट घट्ट लागली पाहिजे, सरळ नसली तरी चालेल. लावून झाल्यावर ती प्रत्यक्ष कशी लागली ते मोजायचं. त्यासाठी दोन टॅग एकाच चित्रात येतील अशा काही जागा मुद्दाम ठेवाव्यात आणि रोबोट सगळ्या वाटांवरून हळू फिरवून सर्व निरीक्षणांचा एकत्र हिशेब मांडावा. पण एवढ्यावर थांबू नये. नुसत्या एकमेकांशी जुळवलेल्या टॅगांचा नकाशा लांब वाटेवर हळूच वाकतो. म्हणून दर काही टॅगांमागे एकाखाली लेसर ओळंबा लावून त्याची जागा इमारतीच्या खांबांपासून मोजावी आणि ती हिशेबात पक्की धरावी.

हे आकडे ड्रॉइंगवर चढवताना एक घोटाळा हमखास होतो. ड्रॉइंग वरून पाहिल्यासारखं असतं आणि कॅमेरा खालून पाहतो, त्यामुळे टॅगच्या चित्राची डावी-उजवी बाजू उलटते. एक चिन्ह चुकलं तर रोबोट डावीकडे वळताना स्वतःला उजवीकडे वळल्याचं समजतो. रोबोट हाताने थोडा डावीकडे वळवून टॅगचा कोन आणि एन्कोडरचा कोन एकाच बाजूला जातात का ते पाहावं. मिनिटभराचं काम आहे, आणि ते चाकं जमिनीवर असताना, मोटार बंद ठेवून करावं.

उभ्या रोबोटला जागा बरोबर कळते आणि चालताना मागेपुढे होते, तर दोष वेळेत असतो. चित्र घेतल्यापासून टॅगची जागा निघेपर्यंत 100 मिलिसेकंद गेले आणि रोबोट सेकंदाला 1.5 मीटरने चालत असेल, तर उत्तर 15 सेंटिमीटर जुनं असतं. ही चूकही दिशेबरोबर उलटते, म्हणून ती कलासारखी भासते. फरक एवढाच की थांबल्यावर ती नाहीशी होते आणि वेग निम्मा केला की निम्मी होते. म्हणून चित्रावर ते टिपल्याचीच वेळ लिहावी, दुरुस्ती त्या जुन्या क्षणाला लावावी आणि तेव्हापासून आत्तापर्यंतची चाकांची हालचाल तिच्यावर पुन्हा जोडावी. दुरुस्ती थेट मोटारींच्या नियंत्रकापर्यंतही जाऊ देऊ नये, नाहीतर टॅग दिसताच रोबोट झटका देतो. आरओएस वापरणाऱ्यांसाठी याची सोय रूढ आहे: `odom` ते `base_link` हा चाकांचा अखंड हिशेब तसाच राहू द्यायचा आणि टॅगची दुरुस्ती `map` ते `odom` या दुव्यात घालायची.

मला सगळ्यात उशिरा कळणारा दोष वाटतो तो फिल्टरच्या फाजील खात्रीचा. टॅग दिसत असताना कॅमेरा सेकंदाला 30 चित्रं देतो. काल्मन फिल्टर त्या प्रत्येकाला स्वतंत्र साक्षीदार मानतो आणि दर चित्रागणिक त्याची शंका कमी होत जाते. पण टॅग नकाशात 2 सेंटिमीटर चुकीचा असेल तर तिसांच्या तीसही चित्रांत तीच चूक असते. टॅगखाली काही सेकंद उभा राहिलेला रोबोट स्वतःला मिलिमीटरच्या आत बरोबर समजू लागतो. पुढे निघून दुसऱ्या टॅगखाली आला की त्याचं आणि स्वतःचं मत जुळत नाही, आणि तो खऱ्या टॅगलाच खोटा ठरवून नाकारतो. लॉगमध्ये टॅग दिसतोय पण दुरुस्ती होत नाही, असं दिसलं की इथे शोधावं. आम्ही एका टॅगची साक्ष अर्धा मीटर चालल्यावरच पुन्हा घ्यायची असं ठरवलं आणि शंका टॅगच्या मोजणीतल्या संभाव्य चुकीपेक्षा कधीच खाली जाऊ दिली नाही. रोबोटला कुणी हाताने ढकलून दुसरीकडे नेलं तरी हाच पेच येतो. म्हणून लागोपाठ दोन वेगवेगळे टॅग एकमेकांशी जुळणारी जागा सांगत असतील आणि रोबोट मात्र भलतीकडेच असल्याचं मानत असेल, तर टॅगांचं ऐकावं, असा नियम हवा.

छपाईबद्दल थोडक्यात. पीडीएफ छापताना पानात बसवण्याचा पर्याय चालू राहिला तर टॅग तीन-चार टक्के लहान निघतो आणि त्यावरून काढलेली उंची तेवढीच चुकते. काळ्या चौकटीची बाहेरची कड पट्टीने मोजून तोच आकडा सॉफ्टवेअरमध्ये घालावा. भोवतीचं पांढरं कापू नये, ते नसेल तर काळी कड ओळखूच येत नाही. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याचं प्रतिबिंब पडतं. कागद मॅट हवा आणि तो कडक प्लेटवर पूर्ण चिकटवलेला हवा, कारण दमट हवेत तो मधून फुगतो.

प्रकाशाचा प्रश्न छपाईपेक्षा मोठा आहे. पत्र्याच्या शेडमध्ये उजेडासाठी मध्येमध्ये पारदर्शक पत्रे असतात. दुपारी ऊन वर आलं की त्यांच्या शेजारचे टॅग कॅमेऱ्याला नुसते काळे ठिपके दिसतात, कारण कॅमेरा आपोआप उघडझापीचा वेळ कमी करतो. सकाळी घेतलेल्या चाचणीत हे कळत नाही. उघडझापीचा वेळ 2 मिलिसेकंदांवर पक्का करावा आणि टॅग अशा पत्र्यांपासून आणि दिव्यांपासून दूर लावावेत. एवढ्या कमी वेळात सेकंदाला 1.5 मीटर वेगालाही टॅग पिक्सेलभराहून कमी पुसट होतो. 10 मिलिसेकंद ठेवले तर तीन पिक्सेलांहून जास्त पसरतो आणि घरं एकमेकांत मिसळतात. मग उजेड पुरेसा पडतो का ते रात्रपाळीत, अर्धे दिवे बंद असताना तपासावं.

चाक बदललं, कॅमेऱ्याचा ब्रॅकेट उघडला किंवा रोबोट रॅकला धडकला, की त्या दिवशी त्याला कामावर सोडण्याआधी एका ठरलेल्या टॅगखाली जागेवर फिरवावं आणि त्रिज्या रोबोटच्या नावावर लिहून ठेवावी. आमच्याकडे ती एक सेंटिमीटरच्या आत असेल तरच रोबोट कन्व्हेयरच्या फेरीवर जातो. त्याहून जास्त निघाली तर मेंटेनन्सवाले आधी ब्रॅकेटचे स्क्रू पाहतात आणि मगच दुरुस्तीचे आकडे बदलतात. कन्व्हेयरपाशी आता खडूची एकच रेघ पुरते, आणि ती सुपरवायझर दर सोमवारी नव्याने मारून दोन्ही दिशांनी येणारे रोबोट तिच्यावर थांबतात का ते पाहतात.